किल्ली बदलली, पण कोणती? धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं प्रकरण

नागपूरच्या धंतोलीत मुख्य लॅब आणि कामठी, हिंगणा, उमरेड इथं रक्ताचे नमुने घेणारी केंद्रं. रुग्णांच्या नोंदी चार लाखांच्या आसपास. डेटाबेस पोस्टग्रेस, स्वतःच्याच इमारतीतल्या सर्व्हरवर. एका कंपनीनं आपल्या कामगारांच्या वार्षिक तपासणीचं काम या लॅबला द्यायचं ठरवलं आणि सोबत माहिती-सुरक्षेची प्रश्नावली पाठवली. त्यातले तीन प्रश्न इथं कामाचे आहेत. साठवलेला डेटा एन्क्रिप्टेड आहे का? वाटेत जाणारा डेटा एन्क्रिप्टेड आहे का? किल्ल्या वर्षातून एकदा बदलता का? लॅबनं तिन्हींपुढं ‘हो’ लिहिलं होतं.

त्याच महिन्यात सॉफ्टवेअर लिहिणारा मुलगा पुण्याला नोकरी लागली म्हणून सोडून गेला. भांडण नाही, काही नाही, पेढे वाटून गेला. पण एन्क्रिप्शनची किल्ली त्याच्या लॅपटॉपवरच्या `.env` फाइलमध्येही होती. लॅबच्या मालकीणबाई स्वतः पॅथॉलॉजिस्ट आहेत. त्यांनी मला बोलावून सरळ विचारलं, “तीन ‘हो’ लिहिलेत, त्यातले खरे किती?”

एचआयव्हीचे अहवाल याच डेटाबेसमध्ये असल्यानं प्रश्न नुसत्या कंत्राटाचा नव्हता. एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ प्रमाणे अशी माहिती ठेवणाऱ्यावर ती जपण्याची जबाबदारी येते.

पहिला ‘हो’ डिस्कबद्दल होता. डेटाची डिस्क लिनक्सच्या लक्स या डिस्क-एन्क्रिप्शननं झाकलेली होती, ते खरं. आता ही डिस्क उघडते कशी ते पाहू. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, रात्री-बेरात्री वीज जाते, इन्व्हर्टर दम टाकतो आणि सर्व्हर बंद पडतो. पहाटे उपाशीपोटी रक्त द्यायला माणसं रांगेत उभी असताना पासफ्रेज टाइप करायला कुणी यायचं? म्हणून आधीच्या मुलानं किल्लीची फाइल त्याच मशीनच्या दुसऱ्या, एन्क्रिप्ट न केलेल्या डिस्कवर ठेवली होती. वीज आली की मशीन स्वतःहून उघडतं. सोय झाली, पण पूर्ण मशीन कुणी उचलून नेलं तर कुलूप आणि पायपुसण्याखालची किल्ली दोन्ही त्याच्या हाती. शिवाय डिस्क एकदा उघडली की चालू सर्व्हरवर लक्स काहीच लपवत नाही. त्याचं संरक्षण मशीन बंद असताना, डिस्क चोरीला गेली किंवा वॉरंटीत परत पाठवली तेव्हापुरतं. रोज रात्रीचा `pg_dump`, म्हणजे डेटाबेसचा बॅकअप, चालू सर्व्हरवरूनच निघतो, त्यामुळे तो साध्या अक्षरांत बाहेर पडतो. इथं तो एका यूएसबी हार्ड डिस्कवर जात होता, आणि ती डिस्क रिसेप्शनच्या खणात पडलेली असायची. बहुतेक रकाने उघडे, मोबाइल, पत्ता आणि संवेदनशील निकाल तेवढे रकान्याच्या पातळीवर झाकलेले. म्हणजे पहिला ‘हो’ अर्धाच खरा.

डिस्कची किल्ली फाइलमधून काढून आम्ही टँग नावाची छोटी सेवा वेगळ्या मजल्यावरच्या, कपाटात बंद असलेल्या लहानशा मशीनवर बसवली. सर्व्हर सुरू झाला, नेटवर्क आलं, की तो त्या मशीनची मदत घेऊन डेटाची डिस्क उघडतो. एकटा सर्व्हर उचलून नेला तर ती डिस्क उघडत नाही. दोन्ही मशीन नेली तर उघडते, हेही मॅडमना सांगून टाकलं. अडीअडचणीसाठी एक लांब पासफ्रेज कागदावर लिहून त्यांच्या ताब्यात दिला.

सिस्टिम बघणारे दादा म्हणाले, “मग जुनी फाइल काढून टाकली, झाली न किल्ली बदलून?” लक्समध्ये डेटा ज्या किल्लीनं एन्क्रिप्ट होतो ती आत, डिस्कच्या हेडरमध्ये असते. पासफ्रेज किंवा किल्लीची फाइल फक्त त्या आतल्या किल्लीवरचं आवरण उघडते. फाइल रद्द केली तर आवरण बदलतं, आतली किल्ली तीच राहते. कुणाकडे जुन्या हेडरची प्रत आणि जुनी फाइल दोन्ही असतील तर तो तीच डिस्क आजही उघडू शकतो. इथं पूर्ण सिस्टिमची जुनी इमेज एका ठिकाणी सापडली आणि तिच्यात ती फाइल होती. हेडरची प्रत कुठं सापडली नाही, पण नसेलच असं कोण सांगणार? म्हणून रविवारी `cryptsetup reencrypt` चालवून आतली किल्लीच बदलली. आधी बॅकअप घेतला, मगच हात लावला.

आतली किल्ली आणि तिच्यावरचं आवरण हा फरक पुढं सगळीकडं लागणार आहे.

दुसरा ‘हो’ वाटेवरच्या डेटाचा. केंद्रांवरचं बहुतेक काम ब्राउझरमधून, एचटीटीपीएसवर चालतं. पण नमुन्याच्या नळीवर चिकटवायचं बारकोडचं लेबल छापणारा एक जुना डेस्कटॉप प्रोग्रॅम थेट डेटाबेसला जोडला जात होता, तोही इंटरनेटवरून. त्या लेबलवर रुग्णाचं नाव आणि तपासणीचा कोड असतो. सर्व्हरवर `ssl = on` होतं, आणि तेवढ्यावरच ‘हो’ लिहिलं गेलं होतं. खरी स्थिती विचारायची तर सर्व्हरलाच विचारावी लागते:

```sql
SELECT a.client_addr, a.application_name, s.ssl, s.version
  FROM pg_stat_ssl s JOIN pg_stat_activity a USING (pid)
 WHERE a.client_addr IS NOT NULL;
```

कामठी आणि उमरेडच्या ओळींत `ssl` च्या खाली `f` आलं, म्हणजे एन्क्रिप्शन नाही. कधीतरी सर्टिफिकेटची चूक दाखवली म्हणून तिथल्या कनेक्शनमध्ये कुणीतरी `sslmode=disable` टाकून दिलं होतं, आणि सर्व्हरनंही ते मुकाट्यानं घेतलं. हिंगण्याच्या ओळीत `t` होतं. पण तिथं काहीच न लिहिल्यामुळे पोस्टग्रेसचा मूळचा `prefer` लागू होता. `prefer` म्हणजे जमलं तर टीएलएसनं एन्क्रिप्ट केलेलं कनेक्शन, नाही तर साधं. समोरचा सर्व्हर खरा की खोटा याची तपासणी त्यात नाही. मध्ये बसलेल्या माणसानं “मला टीएलएस येत नाही” म्हटलं की क्लायंट निमूटपणे साध्या अक्षरांवर येतो. नावासकट सर्टिफिकेट तपासतो तो फक्त `verify-full`.

बदल करताना क्रम महत्त्वाचा. आधी लॅबच्या स्वतःच्या प्रमाणकाचं मूळ सर्टिफिकेट तिन्ही केंद्रांवर नेऊन ठेवलं, आयपी पत्त्याऐवजी सर्टिफिकेटवर असलेलं नाव वापरलं, `verify-full` लावलं. वरचीच क्वेरी पुन्हा चालवून सगळीकडं `t` आलं, तेव्हा सर्व्हरकडचा दरवाजा बंद केला. `pg_hba.conf` मध्ये:

```
hostssl  lab  label_user  10.8.0.0/24  scram-sha-256
```

इथं एक सापळा आहे. ही ओळ घातली आणि खाली जुनी `host` ची ओळ तशीच ठेवली, तर उपयोग शून्य. साधं कनेक्शन `hostssl` शी जुळत नाही म्हणून पुढं सरकतं आणि खालच्या `host` मधून आत येतं. जुनी ओळ काढावीच लागते. दुसरं म्हणजे फाइल रीलोड केली तरी आधीपासून उघडी असलेली कनेक्शनं तशीच चालू राहतात. केंद्रांवर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करवून घेतले. ओळीतला पत्ता व्हीपीएनचा आहे, कारण पोर्ट ५४३२ आता उघड्या इंटरनेटवर ठेवलेलंच नाही.

एक जागा उघडीच राहिली. रक्ताची तपासणी करणारी ॲनालायझर यंत्रं निकाल साध्या अक्षरांत पाठवतात, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये टीएलएसची सोयच नाही. त्यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकलं आणि तिथून एकाच मशीनकडं जाण्याची वाट ठेवली. प्रश्नावलीत तसं स्पष्ट लिहायला सांगितलं.

आता तिसरा ‘हो’. माझा सगळ्यात जास्त वेळ याच्यावरच गेला.

मोबाइल, पत्ता आणि संवेदनशील निकाल हे रकाने `pgcrypto` च्या `pgp_sym_encrypt` नं झाकलेले होते. हे फंक्शन डेटाबेसच्या आत चालतं, म्हणजे प्रत्येक क्वेरीबरोबर किल्ली सर्व्हरला पाठवावी लागते. सर्व्हरवर हळू क्वेरी नोंदवणारी `log_min_duration_statement` सेटिंग चालू होती. मी लॉगमध्ये किल्लीची पहिली काही अक्षरं शोधली, आणि ओळीमागून ओळ निघाली. किल्ली बाइंड पॅरामीटर म्हणून पाठवली तरी सुटका नसते, कारण पोस्टग्रेसच्या नव्या आवृत्त्या मुळात पॅरामीटरही पूर्ण नोंदवतात, `log_parameter_max_length` बदलेपर्यंत. हे लॉगही रात्री त्याच यूएसबी डिस्कवर जात होते. झाकलेला डेटा आणि त्याची किल्ली एकाच खणात. गेलेल्या मुलाचा लॅपटॉप हा प्रश्न त्यामानानं लहानच होता.

तरीही प्रश्नावलीत ‘हो’ कशाच्या बळावर लिहिला होता? अमेझॉनच्या केएमएस या किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेत एक किल्ली तयार केलेली होती, तिच्यावर वार्षिक आपोआप बदलण्याचं बटण चालू होतं आणि `.env` मधल्या किल्लीची एक प्रत तिनं बंद करून ठेवलेली होती. कागदावर उत्तर चुकीचं नाही. पण केएमएस आपोआप बदलतं ते स्वतःच्या आतल्या किल्लीचं द्रव्य. जुनं द्रव्य ते सांभाळून ठेवतं, म्हणजे आधी बंद केलेलं उघडत राहतं. आपल्या डेटाची किल्ली ते बदलत नाही आणि एकही ओळ नव्यानं एन्क्रिप्ट करत नाही. ते बटण दहा वर्षं चालू ठेवलं तरी पुण्याच्या लॅपटॉपवरची किल्ली तितकीच चालली असती. लक्सच्या वेळची तीच गोष्ट. बाहेरचं आवरण दरवर्षी नवं, आतली किल्ली पहिल्या दिवसाची.

एन्क्रिप्शन डेटाबेसमधून काढून ॲप्लिकेशनमध्ये आणलं. पद्धत एईएस-२५६, जीसीएम मोड. केएमएसकडून नवी डेटाची किल्ली घेतली. तिची केएमएसनं बंद केलेली प्रत तेवढी साठवायची. ॲप्लिकेशन सुरू होताना ती उघडून घेतं आणि मेमरीतच ठेवतं. सर्व्हर चालू होताना इंटरनेट नसेल तर ॲप्लिकेशन उठत नाही, म्हणून लॅबनं दुसऱ्या कंपनीची एक जोडणी घेतली. प्रत्येक नोंद एन्क्रिप्ट करताना रुग्णाचा क्रमांक आणि रकान्याचं नाव जोड-माहिती म्हणून देतो. त्यामुळे एकाचा झाकलेला निकाल उचलून दुसऱ्याच्या ओळीत चिकटवला तर उलगडताना चूक येते. साध्या एन्क्रिप्शननं हे पकडता आलं नसतं.

मोबाइल नंबरवर रुग्ण शोधायचा कसा, ही अडचण लगेच आली. जीसीएममध्ये तोच नंबर दर वेळी वेगळा दिसतो, त्यामुळे बरोबरीनं शोधता येत नाही. आधीच्या मुलानं शेजारी नंबरचा साधा एसएचए-२५६ हॅश ठेवला होता. आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि पहिला आकडा ६ ते ९, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला इतके हॅश काढायला काही सेकंद पुरतात. तो रकाना म्हणजे नंबरांची उघडी यादीच होती. त्याजागी गुप्त किल्ली वापरणारा एचमॅक ठेवला, आणि ही किल्ली डेटाच्या किल्लीहून वेगळी.

मग चार लाख ओळी जुन्या किल्लीवरून नव्या किल्लीवर न्यायच्या, तेही लॅब चालू असताना. प्रत्येक ओळीत `key_ver` नावाचा रकाना घातला, जुन्या नोंदींना १, नव्यांना २. ॲप्लिकेशनला आधी दोन्ही वाचायला शिकवलं, मग लिहायचं फक्त २ नं. हा क्रम उलटला, तर २ नं लिहिलेली ओळ ज्या जुन्या प्रोसेसला वाचता येत नाही ती काउंटरवर कोरा अहवाल देते. त्यानंतर रात्री चालणारा प्रोग्रॅम एकेक हजार ओळी घेई, ॲप्लिकेशनच्या बाजूनं उलगडे, नव्यानं झाके आणि अशी लिही:

```sql
UPDATE rugna
   SET mobile_enc = $1, key_ver = 2
 WHERE id = $2 AND key_ver = 1 AND mobile_enc = $3;
```

`$3` म्हणजे प्रोग्रॅमनं वाचलेली जुनी किंमत. (इथं एकच रकाना दाखवलाय, प्रत्यक्षात ओळीतले सगळे झाकलेले रकाने एकाच फटक्यात बदलायचे.) वाचणं आणि लिहिणं यांच्या मध्ये रात्रपाळीच्या मुलीनं नंबर दुरुस्त केला असेल, तर या अटी जुळत नाहीत, शून्य ओळी बदलतात आणि तिची दुरुस्ती वाचते. `key_ver` आणि जुन्या किमतीच्या या दोन अटी नसत्या तर एखाद्याचा अहवाल जुन्या, चुकीच्या नंबरवर गेला असता, आणि असली चूक पुढं कुणाच्या लक्षातही येत नाही.

पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की जुनी प्रत लगेच पुसली जात नाही, व्हॅक्यूम होईपर्यंत टेबलात पडून असते. चार लाख ओळी एका दमात बदलल्या तर टेबल फुगतं, आणि त्याहून जास्त फुगतो वॉल, म्हणजे बदलांची नोंदवही. पहिल्या रात्री वॉल साठवायची जागा भरत आल्याचा इशारा आला, तेव्हा दादांनी प्रोग्रॅम थांबवला. नंतर प्रत्येक हजारानंतर थोडं थांबायचं आणि पहाटे पाचला बंद करायचं, असं ठरलं. ओळी संपल्यावर एका रविवारी `VACUUM FULL` केलं. त्या वेळेत टेबल पूर्ण कुलूपबंद असतं, म्हणून रविवार.

काम संपलं हे ओळखायचं कसं? `key_ver = 1` च्या ओळी मोजल्या, शून्य आल्या. पण तेवढ्यावर विश्वास ठेवू नये. ॲप्लिकेशनमधून जुनी किल्ली काढून ठेवली, नष्ट केली नाही, आणि वाट पाहिली. महिन्याच्या पहिल्या तारखेला कामठीहून फोन आला की रुग्णांना अहवालाचे संदेश जात नाहीत. ते संदेश पाठवणारी एक विसरलेली स्क्रिप्ट सर्व्हरच्या कोपऱ्यात होती. तिच्या लॉगमध्ये `Wrong key or corrupt data` अशा ओळीच ओळी. ती अजून `pgp_sym_decrypt` नं, स्वतःजवळच्या जुन्या किल्लीनं वाचू पाहत होती. म्हणजे त्या किल्लीची आणखी एक प्रत होती, जी कुठल्याच यादीत नव्हती. स्क्रिप्ट बदलून तिला ॲप्लिकेशनकडूनच नंबर मागायला लावलं. जुनी किल्ली थेट नष्ट केली असती तरी ही स्क्रिप्ट अशीच पडली असती, पण दुसरं काही अडलं असतं तर मागं फिरता आलं नसतं.

मॅडमचा पुढचा प्रश्न साहजिक होता, “मग आता जुनी किल्ली कधी फेकायची?” उत्तर बॅकअपमध्ये आहे. लॅब रोजचे बॅकअप महिनाभर आणि महिन्याचे एक वर्ष ठेवते. सर्वांत जुना बॅकअप जुन्या किल्लीनं झाकलेला आहे. किल्ली नष्ट केली तर तो बॅकअप परत घेता येईल, पण त्यातले नंबर आणि निकाल कायमचे गेले. किल्ली ठेवली तर फुटलेली किल्ली आणि तिनं उघडणारा डेटा दोन्ही अजून जगात आहेत. किल्लीचं आयुष्य तिनं झाकलेल्या शेवटच्या बॅकअपइतकं असतं, हे फार कमी ठिकाणी आधी ठरवलेलं दिसतं.

इथं मधला मार्ग घेतला. यूएसबीवरचे जुने डंप ‘एज’ या साध्या अवजारानं सार्वजनिक किल्लीनं बंद केले. त्यांची खासगी किल्ली सर्व्हरवर नाही. ती दोन पेनड्राइव्हवर आहे, एक मॅडमच्या बँक लॉकरमध्ये, एक त्यांच्या भागीदार डॉक्टरांकडं. रोजचा नवा डंपही आता बाहेर पडतानाच असा बंद होतो. नुसती फाइल पुसून यूएसबीवरून काही जात नाही, म्हणून मूळ यूएसबी डिस्क फोडून टाकली. जुने लॉग नष्ट केले. एक बंद डंप उघडून वेगळ्या मशीनवर पूर्ण परत चढवून पाहिला, तेव्हाच ही बाजू मिटली असं मानलं. जुन्या डेटाच्या किल्लीला शेवटच्या महिन्याच्या बॅकअपची मुदत संपेपर्यंतची तारीख दिली. तोवर केएमएसनं बंद केलेली तिची एकच प्रत राहील, आणि ती उघडायचा अधिकार ॲप्लिकेशनच्या खात्याला नाही.

मॅडमना एक गोष्ट कडू लागली, पण सांगावी लागली. जुन्या किल्लीबरोबर कुणी जुना डंपही आधीच कॉपी करून नेला असेल, तर आज केलेलं काहीही त्याला थांबवत नाही. किल्ली बदलल्यानं यापुढचा डेटा तेवढा सुरक्षित राहतो. तसं कुणी केल्याची खूण मिळाली नाही, पण खणातल्या डिस्कला कोण कधी हात लावत होतं याची नोंदच नव्हती.

आता दरवर्षी बदलायचं का? गणिताच्या दृष्टीनं गरज नाही. जीसीएममध्ये एका किल्लीनं यादृच्छिकपणे निवडलेल्या ९६ बिटांच्या नॉन्ससह सुमारे ४३० कोटी वेळा एन्क्रिप्ट करण्याची मर्यादा अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेनं घातली आहे, आणि ही लॅब तिच्या जवळपासही फिरकणार नाही. तरी मी वर्षातून एकदा डेटाची किल्ली बदलायला सांगितलं, कारण कुणी सोडून गेलं की हे काम घाईत करावं लागतं आणि विसरलेल्या स्क्रिप्ट तेव्हाच आडव्या येतात. एचमॅकची किल्ली मात्र वर्षाच्या वेळापत्रकात नाही. ती बदलायची तर नंबर उलगडून दुसरा रकाना भरावा लागतो आणि तोवर शोध दोन्ही रकान्यांत चालवावा लागतो. ती फुटल्याचा संशय आला तरच बदलायची.

नव्या व्यवस्थेतही सर्व्हरवर रूट मिळवणारा माणूस चालू ॲप्लिकेशनच्या मेमरीतून किल्ली काढू शकतो. रूटचा पासवर्ड आता दोघांकडंच आहे, आणि केएमएसमध्ये किल्ली कधी उघडली गेली याची नोंद दादा दर सोमवारी पाहतात. ॲप्लिकेशन पुन्हा सुरू झालेलं नसताना तिथं नोंद दिसली, तर त्यांनी आधी मॅडमना फोन करायचा आणि मग मला.